गाडी फलाट ओलांडते तेव्हा नेमकं किती अंतर कापते?

१५० मीटर लांबीची आगगाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावत आहे. ३०० मीटर लांबीचा फलाट ती किती सेकंदांत ओलांडेल? पर्याय आहेत १०, २०, ३० आणि ४०.

पोलीस भरती असो, तलाठी असो की रेल्वेची परीक्षा, या वळणाचं गणित अंकगणिताच्या भागात हमखास भेटतं. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, एवढं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. तरी उत्तर चुकतं, कारण अडचण सूत्रात नसते. अंतर कोणतं घ्यायचं हेच ठरलेलं नसतं. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो चुकीची उत्तरंही पर्यायांत मांडून ठेवतो. वरच्या प्रश्नात नुसती फलाटाची लांबी धरली की २० येतात, नुसती गाडीची धरली की १०. दोन्ही पर्याय समोर दिसतात आणि उमेदवार खुशीत गोल काळा करून पुढे जातो.

‘ओलांडणे’ केव्हा सुरू होतं आणि केव्हा संपतं ते आधी पाहू. इंजिनाचं तोंड फलाटाच्या पहिल्या टोकाला लागलं की घड्याळ सुरू. तोंड ३०० मीटर पुढे जाऊन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचतं, पण त्या क्षणी मागचे सगळे डबे फलाटालगतच असतात. गाडीने फलाट ओलांडला असं म्हणायचं तर शेवटचा, गार्डचा डबाही बाहेर पडायला हवा. तो बाहेर पडेपर्यंत तोंड आणखी १५० मीटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या लांबीइतकं, पुढे गेलेलं असतं.

पटत नसेल तर वहीत करून बघा. ६ सेंटिमीटरची रेघ आखा, तो फलाट. कागदाची ३ सेंटिमीटर लांब पट्टी कापा, ती गाडी. पट्टीचं पुढचं टोक रेघेच्या सुरुवातीला लावा आणि मागचं टोक रेघेबाहेर पडेपर्यंत सरकवत न्या. पुढचं टोक किती सरकलं ते मोजा : ९ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला ५० मीटर धरले तर ४५० मीटर. पूल आणि बोगदा यांचंही असंच, लांबीची बेरीज करायची. खांब, झाड किंवा उभा माणूस असेल तर त्याची जाडी धरत नाहीत, म्हणून तिथे अंतर फक्त गाडीच्या लांबीएवढं.

आता वेगाकडे. अंतर मीटरमध्ये, उत्तर सेकंदांत हवं आणि वेग मात्र ताशी किलोमीटरमध्ये दिलेला. एका किलोमीटरचे १००० मीटर, एका तासाचे ३६०० सेकंद. १००० ला ३६०० ने भागून संक्षेप दिला की ५ छेद १८ उरतात. म्हणून ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणलं की दर सेकंदाचे मीटर मिळतात. उलट जायचं असेल तर १८/५ ने गुणायचं.

परीक्षेच्या घाईत ५/१८ की १८/५ असा गोंधळ होतोच. त्यासाठी एक खरी गाडी लक्षात ठेवा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या प्रवासी गाडीने सुमारे ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत कापलं. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटरच्या अगदी जवळ येतो. ३६ गुणिले ५/१८ म्हणजे १०, दर सेकंदाला १० मीटर. मीटर-सेकंदातला आकडा नेहमी लहान असतो, ताशी आकड्याच्या पाव भागाहून जरासा जास्त. ५४ चे १९४ आले तर १८/५ ने गुणलं गेलं हे तिथल्या तिथे कळतं. ३६ ला १०, म्हणून १८ ला ५, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५. पेपरात बहुतेकदा हेच वेग येतात.

मग पहिलं गणित दोन ओळींत सुटतं. अंतर ४५०, वेग १५, उत्तर ३० सेकंद.

यातल्या २० या चुकीच्या पर्यायालाही त्याचा स्वतःचा प्रश्न आहे. गाडीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशासमोरून फलाट किती वेळात सरकेल, असं विचारलं तर २० हेच बरोबर, कारण प्रवासी एका बिंदूसारखा आहे. हुबळीचा फलाट जगातला सर्वांत लांब म्हणून नोंदला गेला आहे, लांबी १५०७ मीटर. आपण सोयीसाठी १५०० धरू. चोवीस डब्यांची एलएचबी गाडी, एकेक डबा सुमारे २४ मीटर, वर इंजिन, म्हणजे साधारण ६०० मीटर. ती न थांबता ताशी ७२ ने गेली असं समजा. खिडकीतला प्रवासी फलाट ७५ सेकंदांत मागे टाकेल, फलाटावरच्या एका खांबासमोरून अख्खी गाडी जायला ३० सेकंद लागतील आणि पूर्ण फलाट ओलांडायला १०५. पंचाहत्तर आणि तीसची बेरीजच ती.

ही बेरीज लक्षात आली की अवघड म्हणून सोडून दिला जाणारा एक प्रकार सोपा होतो. ‘एक गाडी खांबाला ९ सेकंदांत आणि २२० मीटर फलाटाला २० सेकंदांत ओलांडते. तिची लांबी व वेग काढा.’ पुस्तकांत इथे दोन समीकरणं मांडतात. गरज नाही. खांबाच्या वेळी गाडीने स्वतःची लांबी कापली, फलाटाच्या वेळी तीच लांबी अधिक २२० मीटर. म्हणजे जास्तीचे ११ सेकंद फक्त २२० मीटरसाठी लागले. वेग सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. लांबी ९ गुणिले २०, म्हणजे १८० मीटर.

वेग ताशी ६० सारखा असेल तर १६.६६ असं दशांशात उतरवू नका, ५०/३ असंच ठेवा. ३०० मीटर अंतराला ३०० गुणिले ३ भागिले ५०, म्हणजे १८ सेकंद नेमके येतात.

आता वही उघडा.

१. सेकंदाला ३५ मीटर म्हणजे ताशी किती किलोमीटर?
२. २४० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ ने धावते. ३६० मीटरचा फलाट किती वेळात ओलांडेल?
३. १८० मीटरची गाडी २७० मीटरचा पूल १८ सेकंदांत ओलांडते. ताशी वेग?
४. खांबाला ८ सेकंद, २५० मीटर फलाटाला १८ सेकंद. गाडीची लांबी?
५. गाडी आणि फलाट सारख्याच लांबीचे. ताशी ३६ ने गाडी फलाट एका मिनिटात ओलांडते. फलाटाची लांबी?

उत्तरं अशी : १२६ किलोमीटर, ३० सेकंद, ९० किलोमीटर, २०० मीटर, ३०० मीटर. दुसऱ्याचं उत्तर १८ आलं असेल तर गाडीची लांबी मिळवायची राहिली. तिसऱ्यात २५ वरच थांबला असाल तर तो वेग सेकंदाचा आहे, प्रश्न ताशी विचारतो. आणि पाचव्यात ६०० लिहिले असतील तर ती दोघांची मिळून लांबी झाली, तिची निम्मी करा.