परमिट मिळालं का?

कोकणात जुलै महिन्यात रात्री लाईट गेली की गाव आधी पंधरा-वीस मिनिटं वाट बघतं. मग वायरमनचा फोन वाजू लागतो. सरपंच विचारतात, दुकानदार विचारतो, दहावीच्या मुलाची आई विचारते. प्रश्न एकच असतो, "दादा, कधी येणार?" महावितरणच्या कागदांवर हा माणूस ‘जनमित्र’ असला तरी वाडीवर तो वायरमनच, फार तर लाईनमन. आणि भर पावसात खांबावर चढलेला वायरमन म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतं ते त्याचं धाडस.

धाडस असतंच. पण रात्रीच्या त्या चार-पाच तासांत खांबावरचं काम बऱ्याचदा अर्ध्या तासात उरकतं. उरलेला वेळ दोन गोष्टींत जातो. बिघाड नेमका कुठे आहे ते शोधणं, आणि चढण्याआधी लाईन खरोखर मेली आहे याची खात्री करणं. यातल्या दुसऱ्या कामाचा वेळ वाचवायला गेलेला वायरमन जिवावर उदार झालेला असतो, आणि त्याला घाई करायला लावणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

सह्याद्रीच्या पायथ्याला अशी एक रात्र कशी सरते ते पाहू. गाव कुठलंही धरा, क्रम फारसा बदलत नाही.

रात्री आठच्या सुमारास 33/11 केव्ही सबस्टेशनमध्ये एका फिडरचा ब्रेकर पडतो. ऑपरेटर रिले पाहतो. ‘अर्थ फॉल्ट’ दाखवत असतो, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या तीन तारांपैकी एकीतली वीज कुठेतरी जमिनीत उतरते आहे. पावसाळ्यात ओली फांदी तारेला घासून जाते आणि क्षणभर असं होतं. म्हणून थोडं थांबून ऑपरेटर एकदा ट्रायल घेतो. फांदी खाली पडली असेल तर फिडर टिकतो आणि गाव म्हणतं, आली बाबा. इथे टिकत नाही. ब्रेकर लगेच पुन्हा पडतो. आता वारंवार ट्रायल घेण्यात अर्थ नसतो. तार तुटून वाटेवर पडली असेल तर प्रत्येक ट्रायल म्हणजे त्या वाटेने जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ. ऑपरेटर वायरमनला फोन लावतो.

फिडर म्हणजे डोंगर-शेतांतून गेलेली कित्येक किलोमीटरची लाईन. ती अंधारात खांबाखांबाने पायी बघायची तर सकाळ होईल. म्हणून आधी तिचे तुकडे पाडतात. लाईनवर ठरावीक ठिकाणी एबी स्विच असतो. खांबाच्या बुंध्याशी कुलूप घातलेला दांडा असतो, तो ओढला की वरचे तिन्ही फेज एकदम तुटतात. वायरमन आणि त्याचा जोडीदार मोटारसायकलवरून मधल्या एबी स्विचपाशी पोचतात, दांडा ओढतात आणि ऑपरेटरला सांगतात, "पुढचं कापलंय, घे." अलीकडची अर्धी लाईन टिकते. म्हणजे बिघाड पलीकडे. अलीकडच्या पाच-सहा गावांत लाईट येते आणि उरलेल्या गावांचे फोन दुपटीने वाढतात, कारण समोरच्या डोंगरावरचे दिवे आता त्यांना दिसत असतात. पुढच्या एबी स्विचवर हाच प्रयोग होतो. साडेनऊपर्यंत बिघाड तीस-चाळीस खांबांच्या पट्ट्यात सापडलेला असतो.

इथून पुढे चालायचं. लाईन रस्त्याने जात नाही, भातखाचरांतून जाते. पोटरीभर चिखलात, बांधावरून घसरत प्रत्येक खांबावर बॅटरी मारायची. तार तुटलेली नाही, झाड पडलेलं नाही, सगळं ठाकठीक दिसतं. चिनी मातीच्या पिन इन्सुलेटरचा हा स्वभाव वायरमनला चांगला ठाऊक असतो. तार ज्यावर बांधलेली असते तो हा तपकिरी, घंटेच्या आकाराचा तुकडा उन्हाळाभर तापतो, आणि तापलेल्या अंगावर पावसाचं गार पाणी पडलं की केसाएवढी चीर पडते. कोरडा असताना तो महिनोन् महिने तग धरतो. पण मुसळधार पावसात चिरेतून ओल आत जाते, वीज मधल्या लोखंडी पिनेतून क्रॉस आर्मवर आणि तिथून जमिनीत उतरते. खालून बॅटरीच्या उजेडात ही चीर दिसत नाही. सकाळी ऊन पडून इन्सुलेटर वाळला की बिघाड गायब होतो, आणि पुढच्या सरीला परत हजर.

अशा वेळी गावाची मदत होते. घराच्या पडवीतून एक आजोबा सांगतात, मघाशी आंब्याखालच्या खांबावर निळा जाळ झाला होता. वायरमन तो खांब गाठतो. एका इन्सुलेटरच्या कडेला काळा डाग दिसतो. सापडला.

आता चढायचं नाही. आता सबस्टेशनला फोन करून परमिट मागायचं.

लाईन क्लिअर परमिट म्हणजे ऑपरेटरने घेतलेली जबाबदारी. अमुक फिडर बंद केला, आयसोलेटर उघडला, लाईन अर्थ केली, पॅनेलवर ‘माणसे कामावर आहेत’ ही पाटी लावली, आणि ज्याने परमिट घेतलं त्याने स्वतः परत केल्याशिवाय ही लाईन चालू होणार नाही. परमिट दुसऱ्याच्या तोंडून परत होत नाही. कारण एकाच फिडरवर दोन टोकांना दोन टोळ्या असू शकतात. एकीचं काम संपलं आणि "झालं, सोड" असा निरोप गेला, तर दुसऱ्या टोकाला माणूस अजून खांबावरच असतो. दुसरा धोका फिडर चुकण्याचा. दोन फिडर एकमेकांना ओलांडून जातात तिथे अंधारात हातातला खांब कोणत्या फिडरचा हे नीट पाहिलं नाही, तर परमिट एकाचं आणि चढलो दुसऱ्यावर असं होऊ शकतं. म्हणून खांबाखाली उभं राहून फिडरचं नाव दोनदा बोललं जातं. ऐकणाऱ्याला ते अतीच वाटतं.

परमिट मिळालं तरी लाईनला हात लागत नाही. आधी डिस्चार्ज रॉड. लांब आवाहक काठीच्या टोकाला आकडा, आकड्याला जाड लवचीक तार. तारेचं दुसरं टोक प्रथम जमिनीतल्या अर्थिंगला घट्ट जोडायचं आणि मगच आकडा वरच्या तारेला लावायचा. काढताना उलट, आधी आकडा आणि शेवटी अर्थिंग. हा क्रम चुकला तर रॉडच जीव घेऊ शकतो. तिन्ही तारांना, कामाच्या दोन्ही बाजूंना असं बांधून घेतलं की मधल्या भागात वीज कुठूनही आली तरी ती माणसातून न जाता जमिनीत जाते.

फिडर बंद असताना वीज येणार कुठून? वाडीतूनच. लाईट जाऊन दोन तास झालेले असतात. कोणाच्या तरी पोल्ट्रीत किंवा कार्यालयात जनरेटर सुरू होतो. त्याला चेंजओव्हर स्विच नसला आणि मेन स्विच खाली पाडायचं कोणी विसरलं, तर त्या जनरेटरचे 230 व्होल्ट सर्व्हिस वायरने उलटे डीपीकडे निघतात. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. एरवी तो 11 हजार व्होल्ट उतरवून घरात देतो, आता घरातले 230 चढवून वरच्या लाईनवर हजारो व्होल्ट उभे करतो. बहुतेक वेळा वाडीतल्या बाकी घरांचा भार न पेलून जनरेटर धापा टाकत बंद पडतो. पण ‘बहुतेक वेळा’वर विसंबून कोणी खांबावर चढत नाही. पावसाच्या आवाजात लांबून जनरेटरची धडधड ऐकू आली की जुना वायरमन जोडीदाराला आधी तिकडे पिटाळतो.

विजा चमकत असतील तर इथेच थांबावं लागतं. सात-आठ किलोमीटर पलीकडे लाईनवर पडलेली वीजही तारेने इथवर येऊ शकते. गाव ओरडतं, फोन वाजतो, वायरमन आंब्यापासून लांब, बांधावर भिजत बसतो. त्याचं हे बसून राहणं त्या रात्रीच्या कामाचाच भाग असतं. गावाला हे सांगून पटत नाही.

कडकडाट लांब गेला की शिडी लागते. शिडीचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून खाली फळी, आणि जोडीदाराचे दोन्ही हात शिडीला. खांब साधारण नऊ मीटरचा, त्यातला दीडेक मीटर जमिनीत. वर पोचल्यावर कमरेचा पट्टा खांबाभोवती अडकवला की हात मोकळे होतात. पाणी हेल्मेटवरून डोळ्यांत येतं, ओल्या हातमोज्यात पक्कड सरकते. तार बांधलेली ॲल्युमिनिअमची बाइंडिंग वायर उलगडायची, तार दोरीने उचलून बाजूला धरायची, फुटका इन्सुलेटर पिनेवरून आटे फिरवून काढायचा. खरा वेळ जातो तो इथे, कारण पिनेचे आटे गंजलेले असतात. दोरीने नवा इन्सुलेटर वर येतो, पिनेवर बसतो. तार पुन्हा जागेवर घेऊन बाइंडिंग घट्ट पिळायची. ती सैल राहिली तर वाऱ्यात तार घासत राहते आणि आठवड्याने याच खांबावर परत यावं लागतं.

खाली उतरायचं, माणसं मोजायची, आकडे काढायचे, मग अर्थिंग सोडायचं. जोडीदार समोर उभा आहे हे डोळ्यांनी बघून वायरमन स्वतः फोन करतो, "माझं परमिट परत." मिनिटभराने खालच्या आळीत दिवे लागतात आणि पोरांचा गलका ऐकू येतो.

पण वरची वाडी काळोखातच. तिथल्या डीपीवरचा डीओ फ्यूज त्या गडबडीत उडालेला असतो. मोटारसायकल पुन्हा निघते. तिथल्या लोकांची तक्रार तयार असते, खालच्यांना दिली, आम्हाला नाही.

ही झाली एका इन्सुलेटरची रात्र, बिघाड एकाच खांबावर होता तेव्हाची. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांत हजारो खांबच आडवे झाले. तिथे शोधायला काही उरलं नव्हतं, लाईन मुळापासून उभी करायची होती. दुसऱ्या जिल्ह्यांतून टोळ्या आल्या, तरी काही गावांत वीज परतायला कित्येक आठवडे गेले.

वाचकाने आपल्या बाजूने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. जनरेटर असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, आणि तो बसेपर्यंत मेन स्विच खाली पाडल्याशिवाय जनरेटर सुरू करू नका. तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका. लांब उभं राहून इतरांना अडवा आणि कळवा. खांबावर जाळ किंवा ठिणगी दिसली असेल तर जागा नेमकी सांगा, त्याने वायरमनचा तासभर वाचतो. या सगळ्यासाठी 1912 हा टोल फ्री क्रमांक आहे. वायरमनचा मोबाईल मोकळा राहू द्या, त्यावर त्याला परमिट घ्यायचं असतं.