भिंत नसलेला जंतू

समजा, तिशीतला एक ड्रायव्हर. लघवीच्या जागेतून पू येऊ लागला, जळजळ सुरू झाली, म्हणून तो सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गेला. तिथे त्याला करड्या रंगाचं पाकीट मिळालं. त्यात परम्यासाठी, म्हणजे गनोरियासाठी, सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम आणि क्लॅमिडियासाठी ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. पू आटला. पण तीन आठवड्यांनी सकाळी पुन्हा एक चिकट थेंब दिसू लागला.

पुष्कळदा पुरुष इथे शरमेपोटी परस्पर मेडिकलमधून त्याच गोळ्या पुन्हा घेतो. चूक होते ती इथेच.

अशा चिवट स्रावामागे बऱ्याचदा मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जंतू असतो. १९८० च्या सुमारास लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, गनोरिया नसूनही मूत्रमार्गाला सूज असलेल्या १३ पुरुषांपैकी दोघांत तो पहिल्यांदा सापडला. प्रयोगशाळेत तो वाढवायला आठवडे, कधी महिने लागतात. त्याला पेशीभिंतच नाही, आणि सेफिक्सिम जंतू मारतं ते त्याची भिंत बांधू न देऊन. जिथे भिंत नाही, तिथे ते औषध काय करणार?

ॲझिथ्रोमायसिनचं काम वेगळं आहे. जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला ते चिकटतं आणि ती बंद पाडतं. मात्र या जंतूच्या जनुकातलं एकच अक्षर बदललं, तरी औषधाला चिकटायला जागा उरत नाही. एकाच मोठ्या डोसाने साधे जंतू मरतात. बदललेले मागे राहतात आणि वाढतात.

म्हणून परत आलेल्या रुग्णाला डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. गोळ्या पूर्ण घेतल्या का? जोडीदाराने उपचार घेतले का? मधल्या काळात संबंध आला का? जोडीदाराकडून पुन्हा लागण झाली असेल, तर औषधाला दोष देता येत नाही. मग स्रावाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पूपेशी नसतील, तर नुसत्या जळजळीसाठी आणखी अँटिबायोटिक देणं योग्य नाही. काही जण थेंब दिसतो का हे पाहायला रोज शिश्न पिळतात. त्यानेही स्राव चालू राहतो.

पूपेशी दिसल्या, तर लघवीच्या अगदी पहिल्या धारेचा नमुना जनुकीय तपासणीला जातो. त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नसावी. या तपासणीत ट्रायकोमोनासही शोधतात. तो परजीवी निघाला, तर औषध मेट्रोनिडाझोल.

मायकोप्लाझ्मा निघाला, तर आधी सात दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. एकट्याने ते बहुतेकांना बरं करत नाही, पण जंतूंची संख्या घटवतं. त्यानंतर जंतू ॲझिथ्रोमायसिनला दाद देणारा असेल तर चार दिवस तेच, नाहीतर सात दिवस मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. ही तपासणी सगळीकडे होत नाही. तिथे डॉक्टर अंदाजाने हाच दुसरा मार्ग धरतात. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनलाही न जुमानणारे जंतू आता सापडू लागले आहेत, तेव्हा ते मनाने घेऊ नका.

थेंब पुन्हा दिसला, तर जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, आणि जोडीदारालाही सोबत न्या.