तिघांत एक गाडी

तीन मित्र, एक गाडी आणि साडेतेरा हजार रुपये. ऐकायला मस्त वाटतं ना? आम्हालाही तसंच वाटलं होतं. साल २००५, कॉलेजचं दुसरं वर्ष, मुक्काम पोस्ट पुणे. पीएमटीच्या दारात लटकून वैतागलेले आम्ही तिघं : मी, नील्या आणि पक्या. प्रत्येकी ४,५०० रुपये काढायचे ठरले. मी दिवाळीला कपडे घेणार नाही या बोलीवर बाबांकडून पैसे काढले, नील्यानं सुट्टीतल्या कामाचे दिले आणि पक्यानं संध्याकाळच्या क्लासमधल्या नोकरीचा अख्खा पगार ओतला. गाडी कसली, तर शंभर सीसीची स्प्लेंडर, काळी, ४१ हजार किलोमीटर धावलेली.

कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही शहाणे निघालो. नील्याच्या मामांनी बजावलं होतं, ‘आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून बघा, आणि २९ नंबर, ३० नंबर फॉर्मवर मालकाची सही घेतल्याशिवाय सगळे पैसे मोजू नका.’ संगम पुलाजवळच्या आरटीओत दोन दिवस काढून गाडी नील्याच्या नावावर केली. पार्टी झाली. आता काय, ऐश!

पेट्रोलचा नियम साधा होता : ज्याच्या हातात गाडी, त्यानं टाकायचं. नियम छान, पण प्रत्येकजण आपल्यापुरतं पन्नासचं टाकायचा आणि पुढच्याला गाडी कोरडी मिळायची. टाकीखालचा कॉक नेहमी रिझर्व्हवर. आता रिझर्व्हची गंमत अशी, की कॉक ‘ऑन’वर असेल तरच गाडी गचके देऊन सांगते, ‘बाबा रे, संपत आलंय’. मग आपण तो फिरवायचा आणि पंप गाठायचा. तो आधीच रिझर्व्हवर असेल तर गाडी काही सांगत नाही, सरळ बंद पडते. पक्या एका रात्री क्लास सुटल्यावर चांदणी चौकाच्या चढावर असाच अडकला. गाडी ढकलत दहा वाजता रूमवर आला. आदल्या दिवशी गाडी कोणाकडे होती? माझ्याकडे. मी हसलो. तो हसला नाही.

पण पेट्रोल निदान बंद पडून तरी भांडतं. ऑइल बिचारं गप्प असतं. चार महिन्यांत आम्ही एकदाही डिपस्टिक काढून पाहिली नव्हती. सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धूर यायचा, आम्ही म्हणायचो थंडी आहे. मग इंजिनमधून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायला लागला, आम्ही म्हणालो जुनी गाडी आहे. डिसेंबरात चढावर दम जायला लागला तेव्हा कुठे गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्या काकांनी डिपस्टिक काढली, फडक्याला पुसली, परत आत घातली, काढली आणि आमच्यासमोर धरली. टोक कोरडं! ‘या इंजिनात लिटरच्या आसपास ऑइल लागतं. यात निम्मंही नाही. पेट्रोल संपलं तर गाडी थांबते रे, ऑइल संपलं तर इंजिन जातं,’ काका म्हणाले. धुराचंही त्यांनी समजावलं. फक्त सकाळी स्टार्ट करताना थोडा निळा धूर आला आणि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सील कडक झालेली असतात. ॲक्सिलरेटर दिला की सतत येत असेल, तर रिंगा झिजल्या आणि ऑइल पेट्रोलबरोबर जळतंय. आमचा धूर आता सतत येत होता. बोअर करून नवा पिस्टन, रिंगा, मजुरी : २,७०० रुपये.

खरं भांडण इथे झालं. नील्या म्हणाला, ‘तिघांत नऊशे नऊशे.’ पक्या शांतपणे म्हणाला, ‘मी रोज क्लासला जातो आणि येतो, बस्स. सिंहगड कोण गेलं? मुळशी कोण गेलं?’ दोन्ही ठिकाणी मीच गेलो होतो, आणि तेही डबलसीट. पण किती किलोमीटर, हे सांगायला एक चिठोराही नव्हता. पक्याला त्या महिन्याची मेस भरायची होती. तो म्हणाला, ‘माझा हिस्सा विकतो, मला मोकळं करा.’ त्या रात्री रूमवर कोणी कोणाशी बोललं नाही. सकाळी मी बोललो, ‘मी १,३५०, नील्या ९००, तू ४५०.’ अंदाजेच होतं, पण पक्या थांबला.

मग आली वही. शंभर पानी, किल्लीच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली. नाव, निघतानाचं मीटर, आल्यावरचं मीटर. एवढंच. नवा पिस्टन बसल्यावर काकांनी पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या पुढे न्यायची नाही आणि मग ऑइल बदलायचं, असं सांगितलं होतं. ते पाळलं आणि मग ॲव्हरेज काढलं. पंपावर टाकी काठोकाठ न भरता गळ्याच्या खालच्या एका खुणेपर्यंत भरली, मीटर लिहिलं, गाडी नेहमीसारखी चालवली आणि त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरली. मधे २०८ किलोमीटर झाले, ४ लिटर लागलं. म्हणजे ५२. रिंगा गेल्या होत्या तेव्हा याच गाडीचा अंदाज ४४ पर्यंत उतरला होता.

हिशेबाला आम्ही पेट्रोल लिटरमागे ५० रुपये धरलं. म्हणजे किलोमीटरला जवळपास एक रुपया. ऑइलचा डबा दीडशेच्या आसपास, तो दर अडीच हजार किलोमीटरला बदलायचा, म्हणजे ६ पैसे. मधे थोडं वर टाकावं लागतंच, म्हणून १० धरले. पंक्चर, प्लग, चेन यांना १५. एकूण सव्वा रुपया किलोमीटर! जानेवारी २००६ मध्ये गाडी ९६० किलोमीटर धावली. माझे ४२०, नील्याचे ३६०, पक्याचे १८०. माझा वाटा ५२५ रुपये, नील्याचा ४५०, पक्याचा २२५. पैसे बिस्किटाच्या डब्यात, पेट्रोल डब्यातून. ‘पन्नासचं टाक’ हा प्रकारच संपला. आणि खरं सांगू? आकडा डोळ्यांसमोर आल्यावर माझं उगाच मुळशीला जाणंही कमी झालं.

रविवारी डिपस्टिकची पाळी असायची. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद, मग जरा थांबायचं, म्हणजे ऑइल खाली उतरतं. काडी पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि बघायची. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. साइड स्टँडवर गाडी कललेली असते, त्यामुळे माप चुकतं. खालच्या खुणेजवळ आलं की थोडं टाकायचं, पण वरच्या खुणेपलीकडे नाही. फडकं म्हणून माझा जुना बनियन कामी आला.

२००८ मध्ये कॉलेज संपलं आणि गाडी ९ हजारांना गेली. प्रत्येकी तीन हजार. घेणाऱ्या पोरांना आम्ही वहीसुद्धा दिली. त्यातल्या एकानं विचारलं, ‘हिचं काय करायचं?’ पक्या म्हणाला, ‘गाडीआधी ही सांभाळ.’

आज मी हिंजवडीला जातो तो ऑफिसातल्या तिघांबरोबर, एका कारमध्ये. पेट्रोल शंभराच्या पुढे गेलंय. पहिल्याच दिवशी मी मीटर वाचून मोबाइलमध्ये लिहिलं, तर तिघं हसले. मी हसू दिलं. महिनाअखेरीला भांडण झालं नाही, तेव्हा त्यांनीच विचारलं, ‘हे कुठून शिकलास रे?’