जिना, रेषा आणि उभे अंतर

फळ्यावरील एका आकृतीचे छायाचित्र माझ्यासमोर आहे. बस दर दहा मिनिटांनी सुटते. तेव्हा अवचित येणाऱ्याची प्रतीक्षा 0 ते 10 मिनिटांत सारखी विखुरलेली असावी, असे गृहीतक. त्याची तिरपी रेषा 0 पासून 1 पर्यंत चढते. पाच जणांच्या प्रतीक्षा 6, 7, 8, 9 व 9.5 मिनिटे. प्रत्येक नोंदीला 0.2 ने चढणारा त्यांचा जिना शेजारी आहे.

कोल्मोगोरोव्हने 1933 साली सुचविलेल्या कसोटीत या दोहोंतील सर्वांत मोठे उभे अंतर पाहतात. येथेच डोळा फसतो. सहाव्या मिनिटाला रेषा 0.6 वर, पायरीचा माथा 0.2 वर, अंतर 0.4. परंतु पायरीचा तळ 0 वर आहे, म्हणून खरे अंतर 0.6. पाच नोंदींसाठी, पाच टक्के पातळीवर, मर्यादा सुमारे 0.56 आहे. म्हणजे नुसते माथे मोजले तर गृहीतक तरते. तळही मोजले तर ते नाकारावे लागते.

छायाचित्र कलले असेल, तर अंतर कागदाच्या कडेला नव्हे, आकृतीच्या उभ्या अक्षाला समांतर मोजावे. माझ्या प्रतीत अक्ष 50 मिलिमीटर, अंतर 30, भागाकार 0.6.