पाऊण तासात मायक्रोमीटर: सहकाऱ्यांना शिकवण्याची पूर्वतयारी

कारखान्यातल्या ज्येष्ठ कारागिराने आपल्याच सहकाऱ्यांना पाऊण तासात एखादे कौशल्य शिकवायचे असेल, तर पहिले काम म्हणजे स्वतःच्या हाताला काय येते ते कागदावर उतरवणे. वर्षानुवर्षे केलेले काम इतके अंगवळणी पडलेले असते, की त्यातले बरेचसे सांगायचे राहूनच जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये नवख्या कामगारांची मोठी भरती झाली, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमाने यावर एक साधा तक्ता रूढ केला. युद्धानंतर तो जपानमध्येही पोहोचला. तक्त्यात कामाच्या पायऱ्या लिहायच्या आणि प्रत्येक पायरीसमोर तिची मेख, म्हणजे जिथे काम साधते किंवा बिघडते ती बाब. ही मेख का पाळायची, त्याचे कारणही शिकवणाऱ्याजवळ तयार हवे.

मशीन शॉपमध्ये मायक्रोमीटरने माप घेणे हे याचे चांगले उदाहरण आहे. तक्ता आठवणीतून लिहू नये. हातात मायक्रोमीटर घेऊन जॉब मोजावा आणि हात थांबेल तिथे लिहावे. अशा वेळी नेहमी न सांगितलेल्या गोष्टी सापडतात. उदाहरणार्थ, मोजण्याआधी दोन्ही टोकांचे पृष्ठभाग पुसणे. तिथे तेलाचा थर किंवा बारीक कीस राहिला, तर माप प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. नंतर टोके एकमेकांना टेकवून शून्य तपासणे. शेवटची पकड थिंबल आवळून न घेता रॅचेट फिरवून घेणे, कारण हाताचा जोर प्रत्येकाचा वेगळा असतो आणि रॅचेटमुळे दाब सारखा राहतो.

तक्ता पूर्ण झाला की त्यातले काय शिकवायचे ते ठरवावे. समोर बसणारे सहकारी मायक्रोमीटर आधीपासून वापरत असतात. त्यांना उपकरणाच्या भागांची नावे सांगण्यात वेळ घालवला, तर त्यांचे लक्ष उडते आणि मानही दुखावतो. त्याऐवजी तपासणी विभागाकडून अलीकडच्या मापांतल्या तफावती मागवाव्यात. चूक ०.५ मिमीच्या आसपास असेल, तर ती वाचण्याची चूक आहे. एक-दोन शतांशांचा फरक असेल, तर दाब, स्वच्छता किंवा शून्याकडे पाहावे लागते. सत्राचा विषय या तफावतींवरून ठरतो.

वाचण्याची चूक कशी होते, ते शिकवणाऱ्याने आकड्यांसह तयार ठेवावे. नेहमीच्या मायक्रोमीटरचे थिंबल एका फेरीत ०.५ मिमी सरकते आणि त्यावर ५० भाग असतात, म्हणजे एक भाग ०.०१ मिमीचा. स्लीव्हवर १२ ची रेघ आणि तिच्यापुढची अर्ध्याची रेघ पूर्ण दिसत असेल आणि थिंबलवर २८ असेल, तर माप १२.७८ मिमी. अर्ध्याची रेघ नजरेतून सुटली, तर तेच १२.२८ वाचले जाते. उलटी फसगत १२.४८ ला होते. थिंबलची फेरी संपत आलेली असल्याने अर्ध्याची रेघ डोकावू लागते आणि वाचणारा १२.९८ सांगतो. थिंबलचा आकडा पन्नाशीला टेकलेला असेल, तर नुकती डोकावणारी रेघ धरायची नाही, ही इथली मेख.

सरावासाठी पाच-सहा पिना आधीच मोजून घ्याव्यात. त्यांत १२.४८ सारखी फसवी मापे मुद्दाम असावीत. पिनांवर फक्त क्रमांक टाकावेत, खरी मापे शिकवणाऱ्याच्या कागदावर राहू द्यावीत. सहा जणांसाठी किमान तीन मायक्रोमीटर हवेत आणि त्यांची कॅलिब्रेशनची मुदत संपलेली नसावी. उपकरणच झिजलेले असेल, तर कोणत्याही सत्राने माप सुधारणार नाही.

वेळेची वाटणी अशी करता येते: पाच मिनिटे तफावतींच्या नोंदी, दहा मिनिटे प्रात्यक्षिक आणि उरलेली तीस मिनिटे सराव. प्रात्यक्षिक दोनदा करावे: एकदा फक्त पायऱ्या, दुसऱ्यांदा मेख आणि कारणे. शिकणाऱ्याला माझ्या उजव्या-डाव्या हाताची उलटी प्रतिमा दिसू नये, म्हणून समोर न बसता त्याच्या शेजारी बसावे. सरावात प्रत्येकाने एक पिन मोजताना पुढची मेख तोंडाने सांगावी. हात बरोबर चालतो पण कारण सांगता येत नाही, तिथे तो भाग पुन्हा दाखवावा. “समजले का?” या प्रश्नाला सगळे होच म्हणतात. त्यामुळे मापे चिठ्ठीवर लिहून घेणे जास्त खात्रीचे.

सत्राची एक रंगीत तालीम आधी एका सहकाऱ्यासोबत घ्यावी. तो जिथे अडतो, तिथे तक्त्यात एखादी पायरी सुटलेली असते. आठवड्याभराने प्रत्यक्ष मशीनवर तीच पिन तिघांकडून वेगवेगळी मोजून घ्यावी. तिन्ही मापे ०.०१ मिमीच्या आत जुळली, तर सत्र उपयोगी पडले. एकाचेच माप वेगळे आले, तर त्याच्यापाशी पाच मिनिटे बसावे. तिघांचीही वेगळी आली, तर तक्ताच नव्याने लिहावा.