चवदार तळ्याचा दाखला : एका उत्तराचा मागोवा

रायगडच्या किनारपट्टीवर कायदा शिकवताना एक प्रश्न मी वर्षानुवर्षे वर्गात दिला आहे. नगरपरिषदेच्या मालकीचा एक तलाव आहे. भोवतालची काही कुटुंबे म्हणतात, शंभर वर्षांपासून येथे आम्हीच पाणी भरतो, अनुसूचित जातीच्या लोकांनी भरायचे नाही अशी रूढी आहे, तेव्हा त्यांना मनाई करा. हा दावा टिकेल का?

प्रश्न वाचताच सगळ्यांना महाड आठवते, आणि आठवावेच. पण सुरुवातीच्या वर्षांतली बहुतेक उत्तरे साधारण अशी असत : “महाड येथे चवदार तळे आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यामुळे सनातनी चिडले. त्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले व कोर्टात दावा लावला. दहा वर्षांनी हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला व अस्पृश्यता बेकायदा ठरवली. म्हणून वरील दावा टिकणार नाही.” अक्षर सुरेख, आवेश खरा, आणि गुण जेमतेम. मुलांना हे लागे. घरातून ऐकत आलेली गोष्ट त्यांनी मनापासून लिहिलेली असे.

या उत्तरातली जवळजवळ प्रत्येक घटना खरी आहे. उणीव अशी की “म्हणून” या शब्दाआधी कारण कुठेच येत नाही. हायकोर्टाने कोणत्या कसोटीवर दावा फेटाळला आणि ती कसोटी आपल्या प्रश्नातल्या तलावाला कशी लागू पडते, हे परीक्षकाला हवे असते. गोष्ट सांगताना विद्यार्थी 1927 मध्ये राहतो. प्रश्नातल्या तलावाकडे तो एकदाच, शेवटच्या वाक्यात, वळतो. कच्चे उत्तर ओळखण्याची माझी खूण साधी आहे : प्रश्नातली “नगरपरिषदेच्या मालकीचा” आणि “शंभर वर्षांपासून” ही दोन पदे उत्तरात कुठेही आली नसतील, तर उत्तर गोष्टच सांगते आहे.

मग मुले दाखले पाठ करू लागली. एका परिच्छेदात सहा-सात खटल्यांची नावे येत, प्रत्येकापुढे वर्ष. मला हा टप्पा पहिल्यापेक्षा अवघड वाटला, कारण उत्तर अभ्यासू दिसे. पण नाव लिहिले म्हणजे आधार दिला असे होत नाही. त्या निवाड्याने काय ठरवले हे एका वाक्यात सांगावे लागते, आणि ते बिनचूक सांगावे लागते. महाडच्या बाबतीत नेमकी येथेच गल्लत होई.

त्यासाठी वर्गात निवाडा वाचायला घेतला : नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, 17 मार्च 1937, 39 बॉम्बे लॉ रिपोर्टर 1295. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढचे अपील. वादींनी डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या कोर्टात दावा लावला होता. तळे स्पृश्यांचे खासगी आहे हे त्यांचे म्हणणे टिकले नाही. तळे नगरपालिकेकडे निहित असल्याचे ठरले. उरला प्रश्न रूढीचा.

इथून पुढे मुले लक्ष देऊन ऐकत. 1931 मध्ये महाडच्या न्यायाधीशांनी मानले की अस्पृश्यांना वगळून पाणी भरण्याची जुनी वहिवाट सिद्ध झाली आहे. तरीही दावा फेटाळला, कारण एकाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला कायदेशीर हक्क मिळत नाही. 1933 मध्ये ठाण्याच्या अपील कोर्टाने वेगळी वाट धरली : रूढी अनादी काळापासूनची असल्याचेच सिद्ध झालेले नाही. हायकोर्टाने हे दुसरे कारण उचलून धरले. देवळांच्या जुन्या खटल्यांवरून वादींनी केलेला युक्तिवादही त्याने बाजूला ठेवला. देऊळ विशिष्ट समाजासाठी अर्पण झाले असावे असे दीर्घ वहिवाटीवरून गृहीत धरता येईल. तळ्याबाबत तसे गृहीत धरायला आधार नव्हता.

आणि रूढी अन्याय्य किंवा लोकहिताच्या विरुद्ध आहे का? त्यावर हायकोर्टाने निर्णयच दिला नाही. रूढी सिद्ध झाली असती तर तो विचार करावा लागला असता, एवढेच म्हटले. म्हणजे “हायकोर्टाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली” हे वाक्य, आपल्याला कितीही प्रिय असले तरी, त्या निवाड्यात नाही. काही विद्यार्थी हे ऐकून खट्टू होत. मी त्यांना सांगत असे की लढाईचे मोठेपण याने उणावत नाही. फक्त त्या निवाड्यावर किती वजन टाकता येते ते कळते.

एवढे झाल्यावर तेच उत्तर पुन्हा लिहायला घेत असू. गोष्टीतले प्रत्येक वाक्य एका अटीपुढे ठेवायचे. ज्याला जागा मिळणार नाही ते गाळायचे. शुद्धीकरणाचा प्रसंग गळतो. तळे नगरपालिकेचे, हे राहते. पुनर्लेखनाचा मधला भाग असा उतरे :

“रूढीला कायद्याचे बळ येण्यासाठी ती प्राचीन, निश्चित व वाजवी असली पाहिजे, आणि सर्वसाधारण कायद्याला अपवाद असल्याने तिचा अर्थ काटेकोरपणे लावला पाहिजे (हरप्रसाद वि. शिवदयाल, प्रिव्ही कौन्सिल, 1876). वादी शंभर वर्षांचा वापर सांगतात. वैद्य वि. आंबेडकर खटल्यात जुना वापर दाखवूनही अनादी रूढी सिद्ध झाली नाही. येथे तर वादी स्वतःच शंभर वर्षांची मुदत सांगतात, त्यामुळे त्यांची बाजू अधिक दुबळी आहे. तलाव नगरपरिषदेचा असल्याने तो एका गटासाठी अर्पण झाला होता असे गृहीत धरता येत नाही.”

लांबी पहिल्या उत्तराइतकीच. पण प्रश्नातली दोन्ही पदे आता काम करत आहेत.

पुढच्या वर्षांत एका हुशार विद्यार्थिनीने विचारले, की घटना आजची असेल तर 1937 पासून सुरुवात का करायची? तिचे म्हणणे बरोबर होते, आणि तेव्हापासून उत्तराचा क्रमच बदलला. संविधानाच्या अनुच्छेद 13 नुसार कायद्याचे बळ असलेली रूढीसुद्धा मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढी रद्द ठरते. अनुच्छेद 15(2) राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी व तलाव जातीच्या कारणावरून कुणालाही नाकारू देत नाही, आणि अनुच्छेद 17 अस्पृश्यता नष्ट करतो. म्हणजे रूढी हजार वर्षांची सिद्ध झाली तरी दावा पडतो. वैद्य खटला आता दुसऱ्या क्रमांकावर येतो : संविधान क्षणभर बाजूला ठेवले तरी दावा स्वतःच्या कसोटीवरही टिकत नाही, हे दाखवण्यासाठी.

मग तिसरा थर. पाणी अडवणाऱ्यांवर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 4 खाली गुन्हा होतो का? कर्नाटक राज्य वि. अप्पा बाळू इंगळे या खटल्यात बोअरवेलवर पाणी भरू न देणाऱ्यांची हायकोर्टाने केलेली सुटका सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि शिक्षा कायम केली. पण इथेही दाखला देऊन थांबता येत नाही. अडवणूक “अस्पृश्यतेच्या कारणावरून” झाली हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी कलम 12 उपयोगी पडते : अडवलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत कोर्ट तेच कारण गृहीत धरते. प्रश्नात “अनुसूचित जातीच्या लोकांनी” असे शब्द आहेत, त्यामुळे गृहीतक लागू होते. फक्त दावा लावणे म्हणजे प्रत्यक्ष अडवणे नव्हे, म्हणून प्रश्नातल्या कुटुंबांनी तलावावर कुणाला रोखले का, हे तथ्य उत्तरात वेगळे काढून दाखवावे लागते. ते दिलेले नसेल तर गुन्ह्याचा निष्कर्ष सशर्त लिहावा लागतो.