रविवारचा फोन

"डॉक्टर, गोळी रोज घेतो, तरी प्रेशर चढतंच." ५२ वर्षांच्या कारकुनाची वही पाहिली. वरचा आकडा १३०च्या आसपास. रविवारी रात्री मात्र १६०. रविवारी धाकट्या भावाचा फोन येतो. त्याचा कारखाना आहे. "मग झोप लागत नाही," ते हळूच म्हणाले.

२००९मध्ये जपानी संशोधकांना आढळलं, की आपल्यासारख्याच पण आपल्या क्षेत्रात पुढे गेलेल्या माणसाविषयी वाचताना मेंदूतला वेदनेशीही निगडित भाग अधिक जागा होतो. शेजाऱ्याच्या बंगल्याने यांचं काहीच बिघडलं नव्हतं!

आठवडाभर सकाळी, पाच मिनिटं शांत बसून मोजायला सांगितलं. सरासरी १३२ आली. गोळी वाढवली नाही. भावाला हे सांगणं त्यांना अजून जमलेलं नाही.